एका चपलेचं ऑनलाइन पान

(एका महाविद्यालयाच्या उद्योजकता मंडळासमोर दिलेल्या छोट्या व्याख्यानाचं लेखरूप)

मंडळाने मला विषय दिला होता ‘ऑनलाइन विक्री’. तो मी परस्पर लहान करून घेतला. जाहिरात, भांडवल, जीएसटी, गोदाम हे सगळं अर्ध्या तासात उरकलं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आज एकच गोष्ट घेऊ: अमेझॉनवर विकायला ठेवलेल्या कोल्हापुरी चपलेच्या एका जोडाचं पान. विक्रेते त्याला लिस्टिंग म्हणतात. त्या पानावर कुठे काय असतं आणि ते तिथे कशासाठी असतं, एवढंच बघू.

चप्पल मी मुद्दाम निवडली. मसाला किंवा पुस्तक विकताना गिऱ्हाइकाचं माप घ्यावं लागत नाही. चप्पल मात्र पायात बसावी लागते आणि फोनवर ती पायात घालून बघता येत नाही. पानात कुठे काही राहून गेलं असेल तर ते चपलेच्या बाबतीत आठवड्याभरात कळतं. माल परत येतो.

नवा विक्रेता हे पान जाहिरात समजून लिहितो. खरं तर तो एक फॉर्म आहे आणि त्यातला प्रत्येक रकाना वेगळा कोणीतरी वाचतो. शोधयंत्र वाचतं, अंगठ्याने स्क्रीन सरकवत जाणारा माणूस वाचतो, घ्यावं की नाही अशा घोळात पडलेला गिऱ्हाईक वाचतो, कुरियरचा काटा वाचतो आणि वेळ आली तर वैधमापन खात्याचा निरीक्षकही वाचतो. एकासाठीचा मजकूर दुसऱ्याच्या जागी टाकला की पान दिसायला भरगच्च होतं, पण कामाचं राहत नाही.

पान कोणाचं?

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. अमेझॉनवर पान विक्रेत्याचं नसतं, वस्तूचं असतं. प्रत्येक वस्तूला दहा अक्षरी-अंकी क्रमांक मिळतो, त्याला एएसआयएन म्हणतात. फ्लिपकार्टवर अशाच क्रमांकाला एफएसएन म्हणतात. शीर्षक, फोटो आणि वर्णन या क्रमांकाला चिकटलेले असतात. किंमत, शिल्लक माल आणि माल किती दिवसांत निघेल ही माहिती तेवढी विक्रेत्याची. तीच वस्तू पाच जण विकत असतील तर पाचही जण एकाच पानावर येतात, आणि खरेदीच्या मुख्य बटणामागे एका वेळी त्यांतला एकच असतो. ती जागा कोणाला द्यायची हे किंमत, पोचवण्याचा वेग आणि विक्रेत्याची आजवरची कामगिरी बघून ठरतं.

कंपनीच्या प्रेशर कुकरसाठी ही व्यवस्था ठीक आहे, कारण कुकर सगळीकडे सारखाच असतो. हाताने केलेल्या चपलेचं तसं नाही. दुसऱ्याच्या पानावरचा फोटो आपल्या चपलेसारखा दिसतो म्हणून आपला माल त्या पानावर लावला, तर गिऱ्हाइकाला फोटोतली वेणी मिळणार नाही आणि तक्रार आपल्या नावावर येईल. तेव्हा नवं पान बनवायचं. त्यासाठी एरवी जीएस१ या संस्थेचा बारकोड लागतो. बारकोड नसलेल्या मालासाठी सूट मागता येते. ब्रँडच्या रकान्यात स्वतःचं नाव हवं असेल आणि उद्या दुसरा कोणी आपल्या पानावर येऊन बसू नये असं वाटत असेल, तर ट्रेडमार्कचा अर्ज करून ब्रँडची नोंदणी करावी लागते. हे काम लोक मागे ठेवतात आणि पान चालायला लागल्यावर धावपळ करतात.

पानाच्या पोटात आणखी एक रचना असते. विक्रेते तिला पॅरंट-चाइल्ड म्हणतात. ‘कापशी चप्पल’ हे पॅरंट. ते विकत घेता येत नाही. त्याखाली सहा, सात, आठ, नऊ नंबर आणि नैसर्गिक किंवा गडद रंग असे एकेक चाइल्ड, आणि खरेदी होते ती त्यांची. प्रत्येकाला तुम्ही तुमचा एसकेयू देता, म्हणजे तुमच्या कपाटातली खूण. तो असा ठेवा की पॅकिंग करणाऱ्या मुलाला न विचारता कळेल:

```
KAP-TAN-M-UK8
```

कापशी, टॅन, पुरुष, यूके आठ. `ITEM001`, `ITEM002` असे एसकेयू टाकणारे विक्रेते दिवाळीच्या गर्दीत आठच्या जागी नऊ नंबर पाठवतात. त्या रिटर्नचा सगळा भुर्दंड विक्रेत्यावर, कारण चूक उघड त्याचीच असते.

यंत्राला सापडण्यासाठी

वर्गवारी हा पहिला रकाना कंटाळवाणा दिसतो, पण पुढे कोणते रकाने उघडणार हे तो ठरवतो. कोल्हापुरी चप्पल पारंपरिक पादत्राणांत टाकायची की रबरी स्लिपरांत? स्लिपरांत टाकली तर ती दीडशे रुपयांच्या मालाच्या रांगेत उभी राहील आणि महाग दिसेल. कमिशनचा दरही वर्गावर ठरतो.

त्यानंतर येतात गुणधर्मांचे रकाने: वरचा भाग कशाचा, तळ कशाचा, रंग, टाच, बंद करण्याची पद्धत. यांतले बरेच ऐच्छिक असतात, म्हणून विक्रेता ते रिकामे सोडतो. गिऱ्हाईक काय करतो ते बघा. तो ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधतो, हजारो निकाल येतात, मग तो बाजूच्या यादीत ‘लेदर’वर खूण करतो. ज्याच्या पानात साहित्याचा रकाना रिकामा आहे, त्याची अस्सल चामड्याची चप्पल त्या क्षणी यादीतून गळते. वर्णनात ‘शंभर टक्के लेदर’ पाच वेळा लिहिलेलं असलं तरी फिल्टर वर्णन बघत नाही, रकाना बघतो. माझ्या मते नव्या विक्रेत्याचं सगळ्यात स्वस्तात टळणारं नुकसान हेच आहे. अर्धा तास बसून रकाने भरायचे, त्याला पैसा लागत नाही.

आता शीर्षक. मंडळातल्या मुलांनी सरावासाठी लिहिलेल्या शीर्षकांत असं एक होतं:

```
BEST QUALITY Original Kolhapuri Chappal Kolhapuri Slipper Kolhapuri Sandal for Men Gents Boys Diwali Offer!!!
```

यात तीन गोष्टी अडतात. अमेझॉनच्या जानेवारी २०२५पासूनच्या नियमांनुसार शीर्षक बहुतेक वर्गांत मोकळ्या जागा धरून २०० अक्षरांच्या आत हवं, एकच शब्द दोनदांपेक्षा जास्त चालत नाही आणि उद्गारचिन्हासारखी काही चिन्हं वापरायला बंदी आहे. ‘बेस्ट क्वालिटी’ आणि ‘ऑफर’ हे प्रचाराचे शब्दही तिथे नकोत. पण नियम बाजूला ठेवले तरी हे शीर्षक वाईटच आहे. फोनवरच्या यादीत शीर्षकाचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, आणि इथे तो तुकडा ‘बेस्ट क्वालिटी ओरिजिनल’ने खाल्ला. वस्तू काय, कोणासाठी, कशाची, हे कळायच्या आत ओळ संपते. दुरुस्त करून ते असं झालं. सुरुवातीला ब्रँडचं नाव येईल:

```
Men's Handmade Kolhapuri Chappal, Kapashi, Vegetable-Tanned Leather, Tan, UK 8
```

शेवटचे दोन तुकडे, म्हणजे रंग आणि नंबर, फक्त चाइल्डच्या शीर्षकात येतात. पॅरंटमध्ये ते घातले तर सहा नंबर शोधणाऱ्यालाही आठ नंबर दिसतो.

‘बॉईज’, ‘सँडल’, ‘स्लिपर’ या राहिलेल्या शब्दांचं काय? त्यांच्यासाठी गिऱ्हाइकाला न दिसणारा एक रकाना असतो, शोधशब्दांचा. लोक एकच वस्तू दहा नावांनी शोधतात, ती नावं इथे घालायची. शीर्षकातले शब्द पुन्हा टाकायचे नाहीत आणि दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव तर नाहीच. भारतातल्या अमेझॉनवर या रकान्याची मर्यादा २०० बाईट आहे. मर्यादा अक्षरांची नसून बाईटची आहे, आणि मराठी विक्रेत्याला इथेच ठेच लागते. रोमन अक्षर एका बाईटमध्ये मावतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाईट घेतं. `paytan` लिहिलं तर सहा बाईट, ‘पायताण’ लिहिलं तर अठरा. सगळे शब्द देवनागरीत लिहिले तर रकाना ६६ चिन्हांत भरतो. माझा सल्ला असा की `paytan`, `ethnic`, `sandal`, `kurta footwear` असे रोमन शब्द भरा आणि उरलेल्या जागेत देवनागरीतले एक-दोन शब्द घाला.

अंगठा थांबवण्यासाठी

पहिल्या फोटोचं काम एकच, यादीतून सरकत जाणारा अंगठा थांबवणं. त्याला अमेझॉनचे कडक नियम आहेत. मागचा रंग शुद्ध पांढरा, आरजीबीच्या भाषेत २५५, २५५, २५५. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला. फोटोवर अक्षर, लोगो, शिक्का काही नाही. लांब बाजू किमान १००० पिक्सेल असेल तर झूम चालतो. पादत्राणांना आणखी एक अट आहे, ती ऐकून मुलं हसली: जोडीतली एकच चप्पल दाखवायची, तोंड डावीकडे, ४५ अंशांत. गिऱ्हाईक एकच पाय विकत घेत नाही हे खरं, पण यादीतल्या सगळ्या चपला एकाच कोनात उभ्या असल्या की तुलना झटकन होते, आणि एका चपलेला छोट्या चौकटीत दुप्पट जागा मिळते. वेणीचं काम फोनवर दिसायचं तर ती जागा लागतेच.

चामड्याचा फोटो काढताना घोळ होतो तो रंगाचा. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो मागचा भाग पांढरा करून टाकला तरी चप्पल तांबूस राहते, आणि प्रत्यक्षातली चप्पल फिकट बदामी असते. ‘फोटोत दाखवली तशी नाही’ या कारणाने येणाऱ्या रिटर्नचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो काढा. शेजारी साधा पांढरा कागद ठेवा. फोटोत तो कागद पिवळा दिसला तर चपलेचाही रंग चुकलेला आहे असं समजा.

पुढच्या फोटोंना एवढे नियम नाहीत, पण तिथे लोक आळस करतात. तीच चप्पल चार कोनांतून दाखवतात. प्रत्येक फोटोने एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. तळ किती जाड आहे? बाजूने फोटो काढा आणि पट्टी शेजारी धरा. पायात कशी दिसते? वरून, पायात घालून काढा. शिवण कशी आहे? कान आणि अंगठा जिथे तळाला जोडलेला असतो तो भाग जवळून दाखवा. आणि एक फोटो मापाच्या तक्त्याचा हवाच.

माप, आणि रिटर्नचा हिशोब

इथे मी जरा थांबतो, कारण चपलेच्या पानातली सगळ्यात किमती जागा हीच आहे.

‘यूके आठ’ हा आकडा वाटतो तितका पक्का नसतो. ब्रिटिश मोजमापात एका नंबराने लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपीय नंबरात ही वाढ पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे दोन पद्धतींचे नंबर एकमेकांवर नेमके बसत नाहीत, आणि प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने गोळाबेरीज करते. त्यात कोल्हापुरीचा कारागीर हाताने तळ कापतो. एकाच्या आठ नंबरचा तळ दुसऱ्याच्या आठपेक्षा अर्धा सेंटिमीटर आखूड असू शकतो. मग गिऱ्हाइकाने बुटाचा नंबर बघून ऑर्डर दिली की जुगार सुरू.

तक्ता बनवायचा तर इंटरनेटवरून उतरवायचा नाही. कारागिराकडे बसायचं, प्रत्येक नंबरचे चार-पाच जोड घ्यायचे आणि तळ सेंटिमीटरमध्ये मोजायचा. एकाच नंबरच्या जोडांत मोठा फरक आढळला, तर आधी कारागिराशी बोलायचं, तक्ता नंतर. समजा आठ नंबरचा तळ सातत्याने २७.५ सेंटिमीटर भरतो. कोल्हापुरीत पाऊल तळाच्या कडेपर्यंत जात नाही, पुढे-मागे थोडी मोकळी जागा लागते. कोणत्या लांबीचं पाऊल या तळावर नीट बसतं, हे वेगवेगळ्या पायांच्या आठ-दहा माणसांना घालून बघायचं आणि तो आकडा तक्त्यात लिहायचा. तक्त्यात दोन स्तंभ हवेत, पावलाची लांबी आणि चपलेच्या तळाची लांबी. पहिला गिऱ्हाईक स्वतःच्या पायावर मोजतो, दुसरा घरातल्या जुन्या चपलेवर. मोजायचं कसं तेही तिथेच सांगा: भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटापुढे रेघ मारा, भिंतीपासून रेघेपर्यंत मोजा. संध्याकाळी मोजलेलं बरं, पाय दिवसभरात थोडे फुगतात.

एका मुलीने विचारलं, “सर, एवढ्या कटकटीने विक्री किती वाढते?” विक्री कदाचित अजिबात वाढणार नाही. हिशोब दुसरीकडे आहे. समजायला सोपे आकडे घेऊ. विकलेल्या आणि गिऱ्हाइकाकडे राहिलेल्या जोडामागे तुम्हाला दीडशे रुपये उरतात. परत आलेल्या जोडामागे जाण्याचा खर्च, येण्याचा खर्च आणि चुरगळलेलं खोकं मिळून एकशेसाठ रुपये जातात. दहा ऑर्डर आल्या आणि तीन परत आल्या. सात जोडांचे १०५० मिळाले, तीन जोडांचे ४८० गेले, हातात ५७० उरले. आता तक्ता नीट केल्यावर दहांतला एकच परत आला. नऊ जोडांचे १३५०, वजा १६०, म्हणजे ११९०. ऑर्डर तेवढ्याच, जाहिरातीवर एक रुपया जास्त नाही, आणि उत्पन्न दुपटीहून अधिक. घासाघीस करून कारागिराचे वीस रुपये कमी करण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

घोळात पडलेल्या गिऱ्हाइकासाठी

फोटोंच्या जवळ छोट्या छोट्या मुद्द्यांची जागा असते. अमेझॉनवर साधारण पाच मुद्दे. इथे ‘स्टायलिश, आरामदायी, प्रीमियम’ असं लिहून लोक मोकळे होतात. हे शब्द कोणीही कोणत्याही वस्तूबद्दल लिहू शकतो, म्हणून गिऱ्हाईक ते वाचतच नाही. त्याच्या मनात जी शंका आहे तिचं उत्तर लिहा. चप्पल नवी असताना अंगठ्याजवळ घट्ट वाटते, वापराने चामडं सैल होतं, हे सांगा. चालताना करकर वाजते की नाही हे सांगा. काहींना तो आवाज हवा असतो, काही त्याच कारणाने परत पाठवतात. चामडं नैसर्गिक असल्याने दोन जोडांच्या छटेत फरक राहतो, हेही लिहा. आणि पावसात घालू नये, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी, हे स्पष्ट लिहा.

शेवटच्या मुद्द्यावर एकाने हरकत घेतली. दोष आपणच का सांगायचा? पावसाळ्यासाठी चप्पल शोधणारा माणूस आपला गिऱ्हाईक नाहीच. त्याला जूनमध्ये विकली तर तो ती भिजवणार, फुगवणार आणि जुलैत एक तारा देऊन जाणार.

खालचं मोठं वर्णन फोनवर फार थोडे लोक वाचतात. त्यावर आठवडा घालवू नका. नोंदणीकृत ब्रँडला तिथे फोटोंची मांडणी करता येते. कारागीर, वेणी घालण्याची पद्धत, चामडं कमावण्याची रीत यांची गोष्ट सांगायला ती जागा चांगली. एक पथ्य मात्र पाळा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून. रेक्झिनच्या चपलेवर ‘अस्सल कोल्हापुरी’ लिहिणं ही जाहिरातीतली अतिशयोक्ती म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ते कायद्यात बसत नाही. उलट बाजूही आहे. जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यांचं वर्णन ‘चामडी सँडल’ एवढंच केलं, आणि इकडे केवढा गदारोळ झाला. वस्तूच्या ओळखीचा रकाना मोकळा सोडण्याचं इतकं महागडं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

कुरियर आणि कायदा

पानावर गिऱ्हाइकाला सहसा खटकत नाहीत असे दोन भाग उरतात. पहिला, खोक्याची लांबी, रुंदी, उंची आणि वजन. कुरियर प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतं. आकारावरून वजन काढायची रीत सोपी आहे: तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. बुटाच्या जुन्या खोक्यात चप्पल भरली, खोकं ३३ × २३ × ११. गुणाकार ८३४९, भागल्यावर १.६७ किलो. प्रत्यक्ष चप्पल पॅकिंगसह भरते पाऊण किलो. तुम्ही पैसे देणार दोन किलोच्या टप्प्याचे. दोन्ही पाय शेजारी झोपवून ३० × २० × ८चं चपटं खोकं केलं, तर ४८०० भागिले ५००० म्हणजे ०.९६ किलो, एक किलोच्या टप्प्यात बसलं. फॉर्ममध्ये खोटी मापं टाकून काही साधत नाही. गोदामात खोकं पुन्हा मोजलं जातं आणि फरक तुमच्या हिशोबातून वळता होतो.

दुसरा भाग कायद्याचा. पॅकबंद मालाच्या २०११च्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८पासून ऑनलाइन पानावरही काही गोष्टी दाखवणं बंधनकारक झालं: उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग किंवा प्रमाण (इथे एक जोडी), एमआरपी आणि ग्राहक-तक्रारीसाठी संपर्क. मूळ देशही दाखवावा लागतो. पानावरची एमआरपी आणि खोक्यावर छापलेली एमआरपी एकच हवी. ‘सत्तर टक्के सूट’ दिसावी म्हणून पानावर एमआरपी २९९९ टाकायची आणि खोक्यावर १४९९ छापायचं, हा उद्योग करू नका.

किंमत लिहिताना जीएसटी किमतीच्या पोटात धरायचा. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर तो पाच टक्के आहे. ९९९ला विकलेल्या जोडातले साधारण ४८ रुपये सरकारचे. कमिशन आणि कुरियर त्यानंतर कापले जातात.

माल किती दिवसांत निघेल, हा रकाना हातकामाच्या धंद्यात फार जपून भरायचा. कारागिराकडे पाच जोड तयार असताना शिल्लक पन्नास दाखवली, दोन दिवसांत पाठवतो म्हटलं आणि ऑर्डर रद्द करत बसलात, तर खातंच अडचणीत येतं. विक्रेत्याने स्वतःहून रद्द केलेल्या ऑर्डर अडीच टक्क्यांच्या आत राहाव्यात अशी अमेझॉनची अपेक्षा असते. चाळीस ऑर्डरमागे एक, बस्स.

दुखणं कुठे आहे ते कसं ओळखायचं

पान चालत नाही म्हटलं की लोक किंमत उतरवतात. त्याआधी विक्रेत्याच्या अहवालात तीन गोष्टी बघा. पानावर किती जण आले, ते `Sessions` खाली दिसतं. फारसं कोणी आलंच नसेल, तर दुखणं वरच्या भागात आहे: वर्ग, गुणधर्म, शीर्षक, पहिला फोटो. तिथे किंमत कमी करून फायदा होईलच असं नाही. माणसं आली पण घेत नाहीत, हे `Unit Session Percentage` वरून कळतं. तेव्हा पुढचे फोटो, मुद्दे, किंमत आणि अभिप्राय तपासायचे. आणि विक्री होऊन माल परत येत असेल, तर रिटर्नचा अहवाल उघडून कारणं नंबरनिहाय मांडा. सगळे रिटर्न नऊ नंबरचेच असतील तर त्या मापाचा तळ चुकतोय. सगळ्या नंबरांत ‘लहान आहे’ असं येत असेल तर तक्ताच एका नंबराने सरकवावा लागेल. मात्र दहा-वीस ऑर्डरींवरून घाईने निष्कर्ष काढू नका. एवढ्या थोड्या आकड्यांत योगायोगच जास्त असतो.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि दोन-तीन आठवडे थांबा. शीर्षक, फोटो, किंमत एकाच दिवशी बदलली तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

अभिप्राय हा पानाचा एकमेव भाग तुम्ही लिहीत नाही, आणि लिहवून घ्यायचाही प्रयत्न करू नका. पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय सापडले की खातं बंद होतं. सगळ्या चाइल्डचे अभिप्राय सहसा पॅरंटखाली एकत्र दिसतात. म्हणजे नऊ नंबरची चूक सहा नंबरच्या विक्रीलाही भोवते.

तुम्हाला माल बनवायच्या आधीच एक काम करता येईल. आज घरी गेल्यावर तुम्हाला विकायची असेल तीच वस्तू कोणत्याही मार्केटप्लेसवर उघडा आणि एक-दोन तारे दिलेले वीस अभिप्राय वाचा. प्रत्येक तक्रारीपुढे वहीत लिहा की पानावरच्या कोणत्या रकान्यात एक ओळ किंवा एक फोटो असता तर ही तक्रार आली नसती. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. आणि चप्पलच विकणार असाल, तर कारागिराकडे जाताना सोबत मोजपट्टी न्या.